चौथं कडवं

आमच्या गावात कुणाचीही साठी गाण्याशिवाय साजरी होत नाही, आणि गाणं बहुतेक वेळा माझ्याशिवाय होत नाही. चाल सगळ्यांना पाठ असलेली घ्यायची, शब्द आपले घालायचे, ज्याचा वाढदिवस त्याच्या फजित्या प्रेमाने त्यात गुंफायच्या. मग कागद छापून, सुरळी करून, रिबन बांधून प्रत्येक ताटाशेजारी एकेक ठेवायचा. जेवण निम्म्यावर आलं की सगळे सुरळ्या सोडतात आणि गायला लागतात. ज्याचा वाढदिवस त्यालाही गाणं तेव्हाच कळतं, आणि एकदा सुरू झालं की शेवटच्या कडव्यापर्यंत कुणी थांबत नाही.

मी व्हिबेके. बंदरासमोर पस्तीस वर्षं केस कापायचं दुकान चालवलं, अजूनही आठवड्यातून तीन दिवस उघडते. माझ्या खुर्चीत बसून बायकांनी काय काय सांगितलंय म्हणून सांगू! कुणाचा नवरा, कुणाची सासू, कुणाच्या छातीतली गाठ. यातलं एक अक्षर कधी दाराबाहेर गेलं नाही. त्याचा मला फार तोरा होता. होता, असंच म्हणते मी आता.

बोडिल माझी शाळेपासूनची मैत्रीण. गावातल्या औषधाच्या दुकानात काम करते. बोलते कमी, आणि मी तिच्या वाटणीचंही बोलते. ऑक्टोबर ते एप्रिल आम्ही दोघी रोज सकाळी सात वाजता धक्क्यावरून समुद्रात उतरतो. पाणी कधी तीन अंश असतं, कधी एक. शिडीवरून उतरायचं, वीसपर्यंत आकडे मोजायचे, किंचाळत वर यायचं आणि थर्मासमधली कॉफी प्यायची. गावात असं थंडीत उतरणाऱ्या बायकांचं मंडळ आहे, त्याचा एकच नियम, एकटीने उतरायचं नाही. अकरा हिवाळे तो आम्ही पाळला.

मार्चमध्ये बोडिल साठ वर्षांची झाली. नौका मंडळाच्या हॉलमध्ये सेहेचाळीस माणसं जमली होती. बोडिलच्या शेजारी तिचा नवरा ट्रोल्स. तो चर्चच्या गायनवृंदात आहे, आवाज असा भरदार की त्याच्या जिवावर बाकीचे ओढले जातात. पहिल्या कडव्यात बोडिलची सायकल बंदरात पडली ती गोष्ट, दुसऱ्यात तिची कुत्री, तिसऱ्यात नाताळच्या जेवणासाठी भाजताना तिने जाळलेला हंस. हॉल हसून हसून लोळत होता. मग चौथं आलं.

तीन रात्री बोडिल आमची माळ्यावरती निजली,
घरी ट्रोल्सची अंडी तेव्हा तव्यावरच करपली.
बॅग भरून निघाली होती संसाराला सोडून,
चौथ्या दिवशी परत गेली आठवण त्याची काढून!

पहिल्या दोन ओळी ट्रोल्सने सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हटल्या. तिसरीही म्हटली. गाणारा माणूस पुढची ओळ आधी वाचत नाही, तो गात जातो. चौथ्या ओळीवर त्याचा आवाज गेला. बाकीचे गात होतेच, हसत होतेच, पण मला फक्त तेवढा एक आवाज नसल्याचं ऐकू येत होतं. बोडिल तिच्या ताटाकडे बघत होती. अजून दोन कडवी होती. ती झाली. मग रिवाजाप्रमाणे सगळे उभे राहिले आणि तीनदा हुर्रा म्हणाले. ट्रोल्सही उभा राहिला आणि हुर्रा म्हणाला. ते मला मरेपर्यंत विसरता यायचं नाही.

झालं होतं असं. एकवीस वर्षांपूर्वी जहाजाच्या कारखान्यातून ट्रोल्सची नोकरी गेली आणि तो गप्प झाला. आठवडेच्या आठवडे घरात बोलेना. एका संध्याकाळी बोडिल बॅग घेऊन माझ्या दारात उभी राहिली. माझ्या दुकानाच्या माळ्यावर तीन रात्री झोपली, रडली, आणि चौथ्या दिवशी परत गेली. ट्रोल्सला तिने सांगितलं होतं की औषधांचं प्रशिक्षण आहे, ऑलबोर्ग शहरात. त्यांचं पुढे सगळं सुरळीत झालं. इतक्या वर्षांत तिने त्याला हे कधीतरी सांगितलं असेल, असं मी धरून चालले. तिला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोन केला. पार्टीनंतर यजमानाला फोन करून कालच्या संध्याकाळबद्दल आभार मानायचे, ही आमच्याकडची रीत. मी म्हटलं, त्यातच ते उरकून टाकू.

"बोडिल, काय सुरेख झालं गं काल! मासा तर काय होता! आणि ऐक, त्या कडव्याचं तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी हं."

पलीकडून भांडी रचल्याचा आवाज आला.

"म्हणजे मला वाटलं त्याला माहीत असेल. एकवीस वर्षं झाली गं! कुणालाही वाटलं असतं. आणि लोक किती हसले बघितलंस ना? कुणी मनावर घेतलं नाही. उलट शेवट किती गोड होता, तू परत गेलीस त्याच्याकडे."

"हो," बोडिल म्हणाली.

"मग राग नाही ना?"

"फोनबद्दल थँक्यू, व्हिबेके," ती म्हणाली आणि ठेवला.

मी फोनकडे बघत बसले. आणि खरं सांगते, मला तिचाच राग आला. अरे, मी माफी मागितली ना! आता अजून काय नाक घासायचं? पण सोमवारी सात वाजता मी धक्क्यावर उभी होते आणि ती आली नाही. मंगळवारी आली नाही. बुधवारी मी टॉवेल न उलगडताच परत फिरले. एकटीने उतरायचं नाही. बत्तीस जणींचं मंडळ आहे आमचं, कुणीही सोबत आली असती. मी कुणाला विचारलं नाही.

गुरुवारी माझा धीर सुटला. ट्युलिपचा हा एवढा गुच्छ घेतला, बदामाचा केक घेतला आणि तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने दार उघडलं. मी बूट काढता काढताच हुंदके द्यायला लागले.

"मी नालायक आहे, बोडिल! माझ्यासारखी मैत्रीण शत्रूलाही नको! चार रात्री डोळ्याला डोळा नाही. पुन्हा कधी पेन हातात धरणार नाही, बघ तू! तू मला माफ केलं नाहीस तर मी काय करू, सांग ना!"

बोडिलने माझ्या हातातला केक घेतला, कारण तो तिरका होऊन पडायला आला होता. मला स्वयंपाकघरात बसवलं. कागदी टॉवेलची गुंडाळी माझ्यापुढे ठेवली. कॉफी टाकली. फुलांसाठी बरणी शोधली. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "होतं असं. होतं, व्हिबेके. नको रडू." तिचं तोंड उतरलेलं, डोळ्यांखाली काळं. आणि मी तिच्या हातची कॉफी पीत रडतेय.

निघताना दारात ती म्हणाली, "एक सांगू?"

"सांग ना गं."

"ट्रोल्स वरच्या खोलीत झोपतो सध्या. दिवसभर मी त्याला समजावते. आता तुलाही समजवायचं?" आवाज चढला नव्हता. "माझ्यात तेवढा जोर नाही गं." आणि तिने दार लावून घेतलं.

तोंडात मारल्यासारखं झालं. घरी जाईपर्यंत मान वर करवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. पहिलं गिऱ्हाईक आस्ता, नव्वदीला आलेली, जीभ वस्तऱ्यासारखी. माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कपाळावरचे केस कापताना कात्री चालली आणि बघते तर दोन बोटं जास्त गेलेले.

पस्तीस वर्षांत अशा वेळी काय म्हणायचं ते मला झोपेतही येतं. "वाढतील" म्हणायचं नाही, ते तिलाही कळतं. "छान दिसतंय उलट" म्हणायचं नाही, तिला आरसा आहे. "तुम्ही हललात" तर मुळीच नाही. आणि कात्री फेकून रडत बसायचं नाही, कारण बाईचे केस अर्धे कापलेले आहेत.

"आस्ता, मी जास्त कापले," मी म्हटलं. "माझं लक्ष नव्हतं. कपाळावरचे आता मला परत लावता येणार नाहीत. बाजूचे थोडे कमी केले तर कमी खुपेल. करू का?"

आस्ताने आरशात बघितलं. "मी शेळीसारखी दिसतेय."

"हो," मी म्हटलं.

"कर बाजूचे," ती म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "शेळीच." पण बसून राहिली.

ती गेल्यावर मी तशीच उभी राहिले, हातात झाडू. परक्या म्हातारीपुढे जे मला अर्ध्या मिनिटात जमतं, ते जिवाभावाच्या मैत्रिणीपुढे दोनदा जमलं नाही. का? कारण आस्ताने मला चांगलं म्हणावं याची मला पर्वा नव्हती. बोडिलने म्हणावं याची होती. दोन्ही वेळा मी तिच्याकडे द्यायला नाही, मागायला गेले होते.

त्या दुपारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि गाणं लिहिते तशी कागद आणि लाल पेन घेतलं. मनात येईल ते सगळं लिहून काढलं. दोन पानं झाली. मग खोडायला लागले. गाण्याचा माझा नियम आहे, गाणं वाढदिवसवाल्याचं असतं, लिहिणारीचं नाही. तोच नियम लावला.

"तुला वाईट वाटलं असेल तर" खोडलं. असेल तर काय? वाटलंच आहे. "मला वाटलं त्याला माहीत असेल" यावर पेन अडलं. ते खरं होतं. लबाडी नव्हती त्यात. पण ते वाक्य मी कुणासाठी ठेवत होते? माझ्यासाठी. तिने विचारलं तर सांगेन, न विचारता पुढे सरकवणार नाही. खोडलं. "पण" सगळे खोडले, पाच होते. "नालायक" खोडलं, मी तसं म्हटलं की तिला "नाहीस गं" म्हणावं लागतं. झोप, रडणं, पेन न धरण्याची शपथ, सगळं गेलं. "माफ कर" हेही खोडलं, कारण तो प्रश्न होता आणि मी दारात उभी राहून तिच्याकडून उत्तर वसूल करणार होते.

मग बघितलं तर कागदावर "मी" अजून होताच. पण हा वेगळा होता. मला असं वाटतं, माझं तसं होतं, हा "मी" गेला होता. मी सांगितलं, मी छापलं, मी विचारलं नाही, हा उरला होता. त्याला हात लावला नाही. त्याला खोडलं असतं तर "ते कडवं गाण्यात आलं" असं काहीतरी झालं असतं, जणू ते आपल्या पायांनी चालत आलं.

सहा वाक्यं उरली. मोठ्याने म्हणून बघितली. पाठ केलेल्या भाषणासारखी वाटली, म्हणून कागद चुरगळून टाकला. काय सांगायचं ते कळलं होतं, आता शब्द तोंडाला येतील तसे येऊ देत.

फोन केला. "बोडिल, मला दहा मिनिटं येऊ देशील? कॉफी नको, काही नको. तुझी इच्छा नसेल तर नाही म्हण."

"उद्या काचघरात असेन," ती म्हणाली. "टोमॅटोची रोपं लावायचीत."

बरं झालं. घरात गेले असते तर ती यजमान झाली असती. काचघरात एकच खुर्ची आहे, ती मातीच्या पिशव्यांनी भरलेली. मी रिकाम्या हाताने गेले. फुलं नाहीत, केक नाही. हात कुठे ठेवावेत कळेना, म्हणून खिशात घातले, मग बरं दिसत नाही म्हणून बाहेर काढले. बोडिल कुंड्यांत माती भरत होती. तिने मान वर करून बघितलं आणि काम चालू ठेवलं.

"तू माझ्यावर विश्वास टाकून जे सांगितलंस ते मी सेहेचाळीस माणसांना गायला लावलं," मी म्हटलं. "तुला न विचारता. ट्रोल्सला ते तुझ्या तोंडून कळायला हवं होतं, केव्हा आणि कसं ते तू ठरवायला हवं होतंस. ते मी तुझ्याकडून काढून घेतलं, तुझ्याच साठीच्या दिवशी. मग फोनवर मी स्वतःची बाजू मांडली आणि घरी येऊन तुलाच मला सावरायला लावलं. मी चुकले, बोडिल. मला फार वाईट वाटतंय."

आणि गप्प बसले.

गप्प बसणं ही काय चीज असते ते मला त्या दिवशी कळलं. जिभेच्या टोकावर वाक्यं रांग लावून उभी. "आपण पन्नास वर्षं मैत्रिणी आहोत" हे सगळ्यात पुढे. मी दात आवळून धरले. काचेवर एक माशी आपटत होती. बोडिलने एक रोप लावलं, मग दुसरं.

"का घातलंस?" ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही, रोपाकडे बघून.

आता तिने विचारलं होतं. ते वाक्य तयार होतं, मला वाटलं त्याला माहीत असेल. पण ते "का"चं उत्तर नव्हतंच. ते फार तर "का थांबले नाही" याचं होतं.

"कडवं कमी पडत होतं," मी म्हटलं. "आणि यमक जमलं. आणि..." मी हात पुन्हा खिशात घातले. "आणि तुझं जे कुणालाच माहीत नाही ते मला माहीत आहे, हे सगळ्यांना दिसावं असं मला वाटलं. मिरवायचं होतं मला."

बोडिलने हात थांबवले. पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. तिचे डोळे भरून आले होते, आणि माझे येऊ नयेत म्हणून मी नखं तळहातात रुतवली. ते रडणं तिचं होतं, त्यात मला माझं घालायचं नव्हतं.

"त्याने ते गायलं, व्हिबेके," ती म्हणाली. "सगळ्यांत मोठ्याने."

"हो. मी ऐकलं."

"मी सोडून निघाले होते, त्याचं त्याला काही नाही. तो म्हणतो, मीही निघालो असतो. त्याला लागलंय ते हे की आख्ख्या गावाला माहीत होतं आणि तो एकटाच वेड्यासारखा फिरत होता. मी सांगते, कुणाला नव्हतं माहीत. त्याला पटत नाही."

"खरंच कुणाला नव्हतं. मी त्या दिवसापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं." लगेच ट्रोल्सकडे धावावं असं पायांना वाटत होतं. "मी त्याला तसं सांगू का? तुला चालणार असेल तरच. आणि तेवढंच सांगेन."

"तेवढंच," ती म्हणाली. "तो होडीपाशी आहे. त्याच्यासमोर रडू नकोस."

"नाही रडणार."

"आणि मी अजून रागावलेली आहे."

किती वाक्यं आली तोंडात! मी म्हटलं, "हो." आणि निघाले.

ट्रोल्स होडीचं बूड खरवडत होता. त्याला मी सांगितलं की त्या तीन रात्री फक्त मला माहीत होत्या, एकवीस वर्षं फक्त मलाच, आणि लोकांना कळलं ते त्याच्याबरोबर, त्याच मिनिटाला, माझ्यामुळे. चूक माझी, बोडिलची नाही. तो खरवडत राहिला. मग म्हणाला, "अंडी करपली नव्हती."

"काय?"

"मला अंडी चांगली करता येतात," तो म्हणाला. "तेवढं खोटं आहे त्यात."

"बरोबर," मी म्हटलं. "ते मी रचलं."

त्याने मान हलवली. मी तिथून गेले.

रविवारी काही नाही. सोमवारी, मंगळवारी काही नाही. मी फोन केला नाही. "मग आता काय ठरलं तुझं?" हे विचारायला बोटं शिवशिवत होती, पण ते विचारलं असतं तर शनिवारचं सगळं उधारीवर दिलेलं ठरलं असतं. रोज सात वाजता धक्क्यावर जात होते, बाकावर बसत होते आणि परत येत होते. मनातल्या मनात मी तयारी करून ठेवली होती, की कदाचित हे असंच राहील. मैत्रीण गेली असेल आणि मला रीतसर कळवणारही नाही. माफी नीट मागितली म्हणून ती मिळतेच, असं कुणी लिहून दिलेलं नाही.

शुक्रवारी पारा पाऊण अंशावर होता आणि वारा सुटला होता. धक्क्याच्या टोकाला कुणीतरी उभं होतं. जाडा कोट, लोकरी टोपी, पायांत बूट. टॉवेल नव्हता, थर्मास नव्हता. जवळ गेले तर बोडिल.

मी बाकापाशी थांबले. समुद्र करडा, शिडीच्या पायऱ्यांवर बर्फाचा पापुद्रा.

"मी उतरणार नाही," बोडिल म्हणाली. "इतक्यात नाही."

"बरं."

"पण तू रोज इथे येऊन बसतेस असं आस्ताने सांगितलं आमच्या औषधाच्या दुकानात. वेडी आहेस का?" तिने हात कोटाच्या खिशात घातले आणि पाण्याकडे बघितलं. "एकटीने उतरायचं नाही. चल, उतर. मी मोजते."

मला तिच्या गळ्यात पडायचं होतं. शप्पथ सांगते, इतकं काही मला आयुष्यात करावंसं वाटलं नसेल. मी कपडे काढून बाकावर ठेवले, शिडी धरली आणि खाली उतरले. पाणी मानेपर्यंत आलं, श्वास अडकला, आणि वरून बोडिल तिच्या नेहमीच्या संथ आवाजात मोजायला लागली. एक. दोन. तीन. वीस झाले तरी ती थांबली नाही, आणि मीही वर आले नाही. पंचवीस म्हणेपर्यंत तिचा आवाज थोडा कापरा झाला होता.

"ये आता वर," ती म्हणाली, "मरशील."